पहिलं पेन्शन जमा झालं. आता ते बरोबर आहे का, हे कसं तपासायचं?

अनुदानित माध्यमिक शाळेतल्या एक बाई ३१ मे २०२५ ला निवृत्त झाल्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बँकेचा मेसेज आला, ८६,४४६ रुपये जमा. जून आणि जुलै अशा दोन महिन्यांचं हे पहिलं पेन्शन. बाईंनी आधीच वहीत मांडलेला आकडा होता १,११,६१७. पंचवीस हजारांवर फरक. बाई गणिताच्या, त्यामुळे घाबरण्याआधी त्यांनी जमा रकमेला दोनाने भागलं. उत्तर आलं ४३,२२३, आणि चूक कुठे झाली ते तिथेच कळलं.

ते कसं कळलं, हे समजण्यासाठी वहीतला हिशेब पहिल्यापासून पाहावा लागेल. उदाहरणातले आकडे नमुन्याचे आहेत. पद्धत मात्र १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमणूक झालेल्या आणि जुन्या पेन्शन योजनेत असलेल्या महाराष्ट्रातल्या शिक्षकांना लागू होणारीच आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची कार्यालयं वेगळी असतात, गणित तेच.

हिशेबाआधी कागद

समोर चार कागद हवेत. सेवापुस्तकातल्या शेवटच्या वेतनवाढीच्या पानाची प्रत, शेवटची पगारपत्रकाची चिठ्ठी, महालेखापाल कार्यालयाकडून आलेला निवृत्तिवेतन प्रदान आदेश म्हणजे सगळे ज्याला पीपीओ म्हणतात तो, आणि बँकेचं पासबुक. पासबुकात नोंदी छापून घ्या. मेसेजवर भागत नाही, कारण मेसेजमध्ये रक्कम कळते, पण पेन्शन, उपदान आणि पेन्शनचा काही भाग देऊन एकरकमी मिळणारं अंशराशीकरण या तीन वेगवेगळ्या देयकांपैकी ती कोणती आहे हे बहुधा कळत नाही. कोषागाराच्या महाकोष संकेतस्थळावरच्या ‘निवृत्तिवेतनवाहिनी’त महिन्याची पेन्शन चिठ्ठी पाहता येते. ती मिळाली तर अर्धं काम झालं, कारण तिच्यात मूळ पेन्शन, अंशराशीकरणाची कपात आणि महागाई वाढ वेगवेगळी दाखवलेली असते.

उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी या तपासणीत धरायची नाही. ती वेगळ्या आदेशाने एकदाच येते. तिची बेरीज पेन्शनमध्ये मिसळली की हिशेब कधीच जुळत नाही.

पाया: शेवटचं मूळ वेतन

बाईंचं मूळ वेतन १ जुलै २०२४ च्या वेतनवाढीनंतर ७६,५०० रुपये झालं आणि निवृत्तीपर्यंत तेच राहिलं. पूर्ण पेन्शन याच्या निम्मं, म्हणजे ३८,२५०. त्यांची सेवा जून १९९१ पासूनची, चौतीस वर्षांच्या घरातली, म्हणून सेवा कमी भरल्याने पेन्शन घटण्याचा प्रश्न नाही.

शेवटचं वेतन घ्यायचं की शेवटच्या दहा महिन्यांची सरासरी, असं लोक विचारतात. दोन्हींपैकी फायद्याचं असेल ते. बाईंच्या बाबतीत ऑगस्ट २०२४ ते मे २०२५ हे दहाही महिने ७६,५०० चेच, म्हणून दोन्ही आकडे एकच. डिसेंबरमध्ये निवृत्त होणाऱ्याला मात्र सरासरी कमी पडते, कारण तिच्यात जुलैच्या वेतनवाढीआधीचे महिने येतात. तिथे शेवटचं वेतन धरलंय ना हे मुद्दाम पाहावं.

आता जून महिन्याची गंमत. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांनी वर्षभर काम केलेलं असतं आणि वेतनवाढ दुसऱ्या दिवशी, १ जुलैला पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२३ च्या निकालानंतर अशांना ती वेतनवाढ काल्पनिक धरून पेन्शन दिलं जातं. बाई ३० जूनला निवृत्त झाल्या असत्या तर वेतन ७८,८०० धरून पेन्शन ३९,४०० झालं असतं. पण त्या मे अखेरीस निवृत्त झाल्या, वेतनवाढीनंतर अकराच महिने भरले, म्हणून हा लाभ त्यांना नाही. कागदोपत्री १ जून ही जन्मतारीख असलेले शिक्षक आपल्याकडे शेकड्यांनी आहेत. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणजे तेही ३१ मे ला. एका दिवसाने हुकलेलं म्हणून हळहळण्यात अर्थ नाही, पण त्यावर अर्ज करून वेळही घालवू नये.

पीपीओवर मूळ पेन्शन ३८,२५० लिहिलंय की नाही, हे पहिलं पाहायचं. पीपीओवर ३७,१५० दिसलं तर त्याची दुप्पट ७४,३००. म्हणजे वेतन पडताळणीत एक वेतनवाढ कुठेतरी खाली आली आहे. पीपीओवरच्या पेन्शनची दुप्पट करून वेतनश्रेणीच्या तक्त्यात शोधायची ही युक्ती फार कामाची आहे. आकडा नेमका मागच्या टप्प्यावर बसला तर भानगड वेतननिश्चितीची. कुठेच बसला नाही तर लिहिण्यातली किंवा टंकनाची चूक असण्याची शक्यता जास्त.

अंशराशीकरण: किती विकलं, किती मिळालं

अंशराशीकरण म्हणजे पेन्शनचा काही भाग पंधरा वर्षांसाठी शासनाला देऊन त्याबदल्यात एकरकमी पैसे घेणं. जास्तीत जास्त चाळीस टक्के भाग देता येतो. बाईंनी पूर्ण चाळीस टक्के दिले.

३८,२५० चे चाळीस टक्के १५,३००. वर्षाचे १,८३,६००. याला वयाच्या तक्त्यातल्या गुणकाने गुणायचं. इथे धरायचं वय म्हणजे आज पूर्ण झालेलं नव्हे, तर पुढच्या वाढदिवसाला होणारं. बाईंचा जन्म १२ मे १९६७ चा. निवृत्तीच्या दिवशी अठ्ठावन्न पूर्ण झालेली, पुढच्या वाढदिवसाला एकोणसाठ. एकोणसाठचा गुणक ८.३७१. म्हणून रक्कम १,८३,६०० × ८.३७१ = १५,३६,९१५.६०, पूर्णांकात १५,३६,९१६ रुपये.

एवढी रक्कम २१ जुलै २०२५ ला बाईंच्या खात्यात आली. आकडा जुळला. साठचा गुणक ८.२८७ आहे, तो चुकून लागला असता तर १५,२१,४९३ आले असते, म्हणजे सुमारे साडेपंधरा हजार कमी. अर्ज उशिरा केला आणि मध्ये वाढदिवस होऊन गेला तर कमी गुणक खरोखरच लागतो, तेव्हा तो चूक नसतो.

२१ जुलै ही तारीख बाईंनी लाल शाईने लिहून ठेवली. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

महागाई वाढ कशावर मोजायची

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. अंशराशीकरणानंतर हातात येणारं मूळ पेन्शन ३८,२५० वजा १५,३००, म्हणजे २२,९५०. पण महागाई वाढ या २२,९५० वर नसते. ती कपातीआधीच्या पूर्ण ३८,२५० वरच मोजायची. अंशराशीकरण मूळ पेन्शनच्या भागाचं होतं, महागाई वाढीला त्याने हात लागत नाही.

जुलै २०२५ चं देयक तयार झालं तेव्हा दर ५३ टक्के होता. ३८,२५० चे ५३ टक्के २०,२७२.५०, रुपयात २०,२७३. (पैशांच्या पूर्णांकात तुमचा आणि कोषागाराचा हिशेब एखाद्या रुपयाने वेगळा आला तर सोडून द्या.) म्हणून अंशराशीकरण लागू झाल्यावरचा पूर्ण महिना असा: २२,९५० अधिक २०,२७३, एकूण ४३,२२३. आणि अंशराशीकरण लागू होण्याआधीचा पूर्ण महिना: ३८,२५० अधिक २०,२७३, एकूण ५८,५२३.

महागाई वाढ चुकून कमी झालेल्या पेन्शनवर मोजली गेली तर ती फक्त १२,१६४ येते आणि महिन्याचे ३५,११४ हातात पडतात. दरमहा ८,१०९ चा तोटा, आणि तोही न कळणारा, कारण पेन्शनर मनात म्हणतो की अंशराशीकरण केलंय, कमी येणारच.

कपात कोणत्या दिवसापासून

नियम साधा आहे, पण त्याचीच गल्लत होते. पेन्शनमधली कपात निवृत्तीच्या दिवसापासून आपोआप सुरू होत नाही. अंशराशीकरणाची रक्कम प्रत्यक्ष हातात आली तो दिवस, किंवा रक्कम देण्याचा आदेश निघून तीन महिने झाले तो दिवस, यांपैकी जो आधी येईल तिथून ती सुरू होते. पैसेच मिळाले नाहीत तोवर त्यांच्या बदल्यातला भाग कापून कसा घेणार?

बाईंना पैसे २१ जुलैला मिळाले. म्हणजे जून पूर्ण महिना विनाकपात: ५८,५२३. जुलैत २० तारखेपर्यंत विनाकपात, २१ ते ३१ असे अकरा दिवस कपात. अकरा दिवसांची कपात १५,३०० × ११ ÷ ३१ = ५,४२९. म्हणून जुलैचं मूळ पेन्शन ३८,२५० वजा ५,४२९, म्हणजे ३२,८२१. त्यात महागाई वाढ २०,२७३ मिळवली की ५३,०९४.

जून ५८,५२३ आणि जुलै ५३,०९४, बेरीज १,११,६१७. वहीतला आकडा हाच.

फरकावरून चूक ओळखणं

आता सुरुवातीच्या भागाकाराकडे. ८६,४४६ भागिले दोन, ४३,२२३. ही रक्कम बाईंनी ऑगस्टपासूनच्या पूर्ण महिन्यासाठी काढली होती. दोन्ही महिने अगदी सारखे आणि तेही कपातीनंतरच्या दराने आले, याचा अर्थ देयक करताना कपातीची तारीख २१ जुलैऐवजी १ जून धरली गेली होती. पडताळा लगेच होतो: जूनची पूर्ण कपात १५,३०० आणि जुलैच्या पहिल्या वीस दिवसांची ९,८७१, मिळून २५,१७१. आणि १,११,६१७ वजा ८६,४४६ हेही २५,१७१. रुपयाला रुपया जुळला, तेव्हा दुसरी कुठलीही चूक त्यात दडलेली नाही.

पेन्शनच्या हिशेबात प्रत्येक चुकीचा फरक वेगळा असतो, आणि फरकाचा आकडाच चुकीचं नाव सांगतो. म्हणून ‘पेन्शन कमी आलं’ एवढं म्हणून कार्यालयात जाऊ नये. आधी फरक काढावा, मग तो कशाशी जुळतो ते पाहावं. बाईंच्या मूळ पेन्शनवर पूर्ण महिन्यात ८,१०९ चा फरक दिसला असता तर महागाई वाढ कमी झालेल्या पेन्शनवर मोजली गेली, असं समजायचं. १,२४३ चा दिसला असता तर पेन्शनचा पाया ७४,३०० धरलाय: त्यात कपातीनंतरच्या मूळ पेन्शनचे ६६० आणि महागाई वाढीचे ५८३. आणि ७६५ चा फरक आला तर तो ३८,२५० चे बरोबर दोन टक्के, म्हणजे महागाई वाढीचा दर एक टप्पा मागचा लागलाय.

हा शेवटचा फरक बाईंना खरोखर दिसलाच, पण तो चुकीचा नव्हता. महागाई वाढ ५३ वरून ५५ टक्के करण्याचा राज्य शासनाचा निर्णय ऑगस्ट २०२५ मध्ये आला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू होता. जुलैचं देयक त्याआधीच झालेलं. म्हणून ऑगस्टच्या पेन्शनमध्ये बाईंनी नव्या दराने २१,०३८ धरले, मूळ २२,९५० मिळवून ४३,९८८ झाले, आणि जून-जुलैच्या थकबाकीचे ७६५ दोनदा, म्हणजे १,५३०. अपेक्षित आकडा ४५,५१८.

जानेवारी ते मे या पाच महिन्यांची थकबाकी मात्र कोषागाराकडे मागायची नाही. त्या महिन्यांत बाई नोकरीत होत्या, तो महागाई भत्ता पगारावरचा आहे आणि तो शाळेच्या वेतन देयकातूनच यायचा. ७६,५०० चे दोन टक्के १,५३० दरमहा, पाच महिन्यांचे ७,६५०. (दोन्हीकडे १,५३० हा आकडा दिसतो तो पेन्शन पगाराच्या निम्मं असल्यामुळे. पासबुकात तो दिसला तर तो पेन्शनच्या दोन महिन्यांचा की पगाराच्या एका महिन्याचा, हे तपासून घ्या.) निवृत्तीनंतर शाळेच्या थकबाकीच्या देयकातून आपलं नाव वगळलं गेलं नाही ना, हे मुख्याध्यापकांच्या कार्यालयात एकदा विचारून यावं, ही थकबाकी हमखास विसरली जाते.

फरक यांपैकी कशाशीच जुळत नसेल तर दोन गोष्टी राहतात. एक, प्राप्तिकराची किंवा वसुलीची कपात. ती पेन्शन चिठ्ठीत वेगळ्या रकान्यात दिसते. दुसरी, निवृत्तीनंतर तात्पुरतं निवृत्तिवेतन घेतलेलं असणं. ते घेतलेल्यांच्या पहिल्या नियमित पेन्शनमधून आधी दिलेली रक्कम वजा होते. बाईंनी ते घेतलेलं नव्हतं. घेतलेल्यांनी वहीत आधी पूर्ण हिशेब मांडावा आणि मिळालेले पैसे शेवटी वजा करावेत. मध्येच वजा केले की महागाई वाढीचा हिशेब बिघडतो.

अर्ज कुठे करायचा

चूक ओळखल्यावर दार कोणतं ठोठवायचं हे चूक कुठे झाली त्यावर ठरतं. पीपीओवर जे लिहिलंय त्याबाहेर कोषागार जात नाही. मूळ पेन्शन, अंशराशीकरणाची रक्कम, जन्मतारीख, जोडीदाराचं नाव यांत चूक असेल तर कोषागारात फेऱ्या मारून उपयोग नाही. तो प्रस्ताव शाळेतून, वेतन व भविष्य निर्वाह निधी पथकामार्फत महालेखापाल कार्यालयाकडे जातो आणि तिथून सुधारित आदेश येतो. पीपीओ बरोबर आहे पण जमा चुकीची झाली, म्हणजे कपातीची तारीख, महागाई वाढीचा दर किंवा थकबाकी यांत गडबड आहे, तर तो विषय कोषागाराचाच.

बाईंच्या बाबतीत पीपीओ निर्दोष होता, म्हणून अर्ज कोषागार अधिकाऱ्यांच्या नावे. त्यात पीपीओ क्रमांक, बँक खाते, अंशराशीकरणाची रक्कम जमा झाल्याची तारीख आणि एकच मागणी: ‘अंशराशीकरणाची कपात दि. २१ जुलै २०२५ पासून धरून जून २०२५ ची पूर्ण आणि जुलै २०२५ च्या २० दिवसांची कपात केलेली एकूण रक्कम रु. २५,१७१ परत मिळावी.’ सोबत पासबुकाच्या त्या पानाची आणि पीपीओची प्रत, आणि अर्ध्या पानावर मांडलेला हिशेब. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा. तोंडी सांगून ‘बघतो’ असं उत्तर मिळतं, आणि पुढच्या वेळी टेबलावर माणूस वेगळा असतो.

कपातीची खरी तारीख लिहून ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते पंचवीस हजारांपेक्षा मोठं ठरू शकतं. विकलेला चाळीस टक्के भाग पंधरा वर्षांनी पुन्हा पेन्शनमध्ये मिळतो. बाईंची कपात २१ जुलै २०२५ ला सुरू झाली, म्हणून त्यांचे १५,३०० रुपये २१ जुलै २०४० पासून परत सुरू व्हायला हवेत. बाईंनी ती तारीख पीपीओच्या आतल्या पानावर पेन्सिलीने लिहिली आणि मुलाला दाखवून ठेवली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला खात्यात ७०,६८९ रुपये जमा झाले. ४५,५१८ आणि २५,१७१.